पोरांच्या दीड ओळीच्या मेसेजवरून युनिट-डायमेन्शनचा प्रश्न परत कसा उभा करायचा

प्रश्न: "सर, मी यंदाच एका क्लासमध्ये फिजिक्सच्या कंटेंटला लागलोय. जेईईचा पेपर सुटला की पोरं ग्रुपवर एक-दीड ओळीत प्रश्न टाइप करतात. बाकीचे चॅप्टर कसेतरी जमतात पण युनिट कन्व्हर्जन आणि डायमेन्शनचे प्रश्न परत तयार करताना दरवेळी गोंधळ होतो. उत्तर जुळलं की प्रश्न बरोबर धरायचा का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही धरायचा. उत्तर जुळणं ही सगळ्यात फसवी गोष्ट आहे आणि मी स्वतः त्यात आपटलोय, ते सांगतोच पुढे.

मी अकरावी-बारावीला सतरा वर्षं फिजिक्स शिकवतोय आणि त्यातली निम्मी वर्षं तरी पेपर सुटल्यावर संध्याकाळी हेच काम करत बसलोय. मेसेज छोटा असतो ही तक्रार सगळे करतात, पण ऑप्टिक्सचा मेसेजही तेवढाच छोटा असतो आणि तो जमतो. कारण लेन्स, फोकल लेंथ, ऑब्जेक्टचं अंतर एवढं कळलं की बाकीचं आपोआप बसतं. आपल्या चॅप्टरमध्ये पोरगं टाइप करताना जे गाळतं ना, नेमका तोच प्रश्न असतो. कन्व्हर्जनमध्ये ते आकडे लिहितं आणि युनिट गाळतं, डायमेन्शनमध्ये अक्षरं लिहितं आणि घात नि कंस गाळतं. म्हणजे हाडं राहतात पण सांधे जातात. त्यामुळे दोन्हीचा इलाजही वेगळा आहे, एकच पद्धत दोन्हीकडं चालवली की फसतं.

आणि किती जमेल ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे हेही कबूल करतो. एकाच शिफ्टची चार पोरं असतील तर मजा आहे, एकच असेल तर तुम्ही त्याच्या डोक्याच्या भरवशावर. पर्याय असलेला प्रश्न असेल तर पर्यायच अर्धा पुरावा देतात, न्यूमेरिकल व्हॅल्यूवाला असेल तर तो पुरावा नाही. आणि मेसेज पेपरनंतर तासाभरात आलाय की दुसऱ्या दिवशी चार मित्रांशी बोलून झाल्यावर, याने तर जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता माझी फजिती. २०१९ च्या जानेवारीतली जेईई मेन. एका पोराचा मेसेज आला:

```
डेन्सिटी, नवीन युनिट, 25, 50, उत्तर 40
```

बस एवढंच. प्रश्नाचा साचा जुनाच आहे, एखाद्या पदार्थाची घनता एका पद्धतीत दिलेली असते, मग म्हणतात लांबीचं एकक अमुक आणि वस्तुमानाचं एकक तमुक धरलं तर घनतेचा आकडा किती येईल. साचा माहीत असल्यामुळे मी जोरात होतो. २५ आणि ५० ही नवीन एककं असणार हे उघड होतं, पण कुठलं कशाचं? मी धरलं वस्तुमान २५ ग्रॅम, लांबी ५० सेंटीमीटर. का धरलं, तर काही कारण नाही, आपण बोलताना मास-लेंथ-टाइम असं म्हणतो म्हणून पहिला आकडा मासचा. मग उलटं गणित केलं:

```
नवं एकक = 25 g / (50 cm)^3
        = 0.025 kg / 0.125 m^3 = 0.2 kg/m^3
मूळ घनता = 40 × 0.2 = 8 kg/m^3
```

८. सुंदर पूर्णांक. अपूर्णांक नाही, काही नाही, मी खूश झालो आणि "एका पदार्थाची घनता ८ किलो पर मीटर क्यूब आहे" असा प्रश्न छापून रात्रीच हँडआउट वाटून टाकला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडचे सीनियर केमिस्ट्रीचे सर तो कागद बघून म्हणाले, ८ किलो पर मीटर क्यूब? थर्माकोलसुद्धा याच्यापेक्षा जड असतो रे, पदार्थ कुठला घेतलाय? मी म्हटलं सर परीक्षेतल्या पदार्थाला नाव नसतं. हसण्यावारी नेलं.

नंतर एनटीएने पेपर आणि आन्सर की टाकली. मूळ प्रश्न होता घनता १२८ किलो पर मीटर क्यूब, लांबीचं एकक २५ सेंटीमीटर, वस्तुमानाचं ५० ग्रॅम. म्हणजे मी दोन्ही एककं उलटी लावली होती. करून बघा:

```
नवं एकक = 50 g / (25 cm)^3
        = 0.05 kg / 0.015625 m^3 = 3.2 kg/m^3
128 / 3.2 = 40
```

दोन्हीकडं ४०, दोन्हीकडं मूळ आकडा पूर्णांक. उत्तर जुळणं का पुरत नाही ते इथं दिसतं, कारण उत्तर जुळवून घ्यायला मीच तर मूळ आकडा काढला होता, ते जुळणारच होतं. एक अज्ञात आणि एक समीकरण असलं की काहीही घाला, काहीतरी बाहेर पडतंच. ते पूर्णांक निघालं म्हणून आपल्याला वाटतं की सापडलं.

पण खरी खंत वेगळीच आहे. त्याच संध्याकाळी त्याच शिफ्टच्या एका मुलीने लिहिलं होतं की "त्यात ६४० आणि ४१० असे पण ऑप्शन होते". मी ते वाचलं आणि सोडून दिलं, चुकीचे पर्याय घेऊन काय करायचंय म्हणून. आता बघा ते काय सांगत होते. घनतेत लांबीचा घात तीन असतो, पण पोरगं घाईत क्यूब करायला विसरलं तर? १२८ ला ०.०५ ने भागायचं आणि ०.२५ ने एकदाच गुणायचं, येतं बरोबर ६४०. आणि ज्याला भागायचं की गुणायचं हेच कळलं नाही त्याने १२८ ला ३.२ ने गुणलं तर ४०९.६, म्हणजे ४१०. म्हणजे पेपर काढणाऱ्याने हे दोन पर्याय हवेतून घेतलेले नसणार, पोरं जिथं घसरतात तिथंच खड्डे खणलेत. आता माझ्या ८ वाल्या प्रश्नाला हेच करून बघा. क्यूब विसरलं तर १६०, उलटं गुणलं तर १.६. ६४० आणि ४१० कुठंच बसत नाहीत. दोन मिनिटांचं काम होतं, केलं असतं तर हँडआउट छापायच्या आधीच कळलं असतं की एककं उलटी लागलीत.

तेव्हापासून मी पोरांना बरोबर उत्तर नंतर विचारतो, आधी विचारतो की बाकीचे पर्याय काय होते, एखादा विचित्र आकडा होता का. विचित्र आकडा लक्षात राहतोच. ४१० सारखा आकडा, जो कशाच्याच पटीत बसत नाही, तो सोन्यासारखा असतो, कारण तो कुठल्यातरी चुकीच्या गणिताचा राउंड ऑफ केलेला आकडा असतो आणि ते चुकीचं गणित परत करता येतं. चुका तरी किती प्रकारच्या असतात कन्व्हर्जनमध्ये? घात विसरणं, भागाकाराऐवजी गुणाकार, एखादं एकक बदलायचंच राहणं, आणि किलो-ग्रॅम किंवा सेंटी-मीटरमध्ये हजार-शंभरचा घोळ. एवढ्या चार चुका तुमच्या बनवलेल्या प्रश्नावर करून बघा आणि पोरांना आठवणारे पर्याय त्यात येतात का पाहा. निदान दोन आले तर प्रश्न बऱ्यापैकी पक्का. अर्थात सगळेच पेपर असे कष्ट घेऊन काढलेले नसतात, काही वेळा पर्याय नुसते दहाच्या पटीत टाकलेले असतात, तेव्हा यातून फारसं काही हाती लागत नाही.

याच प्रश्नाने अजून एक गोष्ट शिकवली. त्याच दिवशी तिसऱ्या एका पोराने लिहिलं की "डेन्सिटी ४, एकक १० सेमी आणि १०० ग्रॅम, उत्तर ४०". मला वाटलं दुसऱ्या शिफ्टला तसाच प्रश्न आला असेल. पण हा प्रश्न जुना आहे, २०११ च्या एआयपीएमटी मेन्सचा, म्हणजे नीट परीक्षा यायच्या आधीचा. तिथं घनता ४ ग्रॅम पर सीसी, लांबीचं एकक १० सेमी, वस्तुमानाचं १०० ग्रॅम, आणि उत्तर तेच, ४०. पोराने तो सरावाच्या पुस्तकात दहादा सोडवलेला होता. परीक्षेत ४० आलं आणि डोक्यात जुना प्रश्न उघडला, घरी येऊन त्याने तोच टाइप केला. खोटं बोलत नव्हता तो, त्याला खरंच वाटत होतं की हाच आला. हुशार पोरांचं हे जास्त होतं बरं का, कारण त्यांनी जास्त जुने पेपर केलेले असतात. ज्याचा अभ्यास कमी त्याची आठवण मोडकी असते पण भेसळ नसते.

हे ओळखायचं कसं? मी पोराला आकडे परत विचारतच नाही. विचारतो की रफ शीटवर पहिली ओळ काय लिहिलीस. डोळ्यांनी वाचलेलं माणूस विसरतो पण हाताने केलेलं बऱ्यापैकी राहतं. त्या पोराला असं विचारल्यावर तो म्हणाला, "सर आधी किलोचे ग्रॅम केले आणि मीटर क्यूबचे दहाचा सहावा घात". अरे मग, जुन्या प्रश्नात सगळं ग्रॅम आणि सेंटीमीटरमध्येच आहे, तिथं किलोचा ग्रॅम करायचा प्रश्नच नाही! म्हणजे त्याने सोडवला होता १२८ वाला आणि टाइप केला ४ वाला. आणि विचारताना सूचक काही विचारायचं नाही हे लक्षात ठेवा. "किलोमध्ये होतं ना?" असं विचारलं की पोरगं हो म्हणतं, सरांना काय नाही म्हणायचं. "पुढं काय केलंस" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

आता डायमेन्शनचं. इथं मामला थोडा गमतीचा आहे, कारण ज्या नियमावर प्रश्न उभा असतो तोच नियम वापरून आपण हरवलेला कंस परत आणू शकतो. ई च्या डोक्यावर जे काही बसलेलं असतं ते डायमेन्शनलेस असायलाच लागतं, आणि बेरीज असेल तर प्रत्येक पदाचं डायमेन्शन सारखं. पोरगं विसरलं तरी हे नियम विसरत नाहीत.

एक मेसेज घेऊ, असे मला जवळजवळ दरवर्षी येतात:

```
alpha beta e^-x2/alpha kT  बीटाचं डायमेन्शन
```

यात काय काय गेलंय बघा. डावीकडं काय होतं ते नाही. अल्फा-बीटावर घात होते का ते नाही. x2 म्हणजे एक्स स्क्वेअर की दोन एक्स, ते नाही. alpha kT सगळं छेदात होतं की फक्त अल्फा छेदात आणि kT वर, ते नाही. आणि T म्हणजे तापमान की वेळ, तेही नाही. पाच जागी भोकं आहेत आणि ओळ एकच.

सगळ्यात सोपं भोक आधी. k आला, ई आला, म्हणजे बोल्ट्झमन आणि तापमान हे अनुभवाने कळतं, पण तपासायचं असेल तर T ला वेळ धरून बघा. बोल्ट्झमनच्या k मध्ये तापमानाचं K दडलेलं आहे, त्याला तापमानाने गुणलं तरच ते कटतं. वेळेने गुणलं तर शेवटच्या उत्तरात केल्विन लोंबकळत राहील आणि सगळ्या पर्यायांत K दिसेल. पोराला विचारा पर्यायांत K होता का. नव्हता म्हणाला की T तापमान, आणि kT म्हणजे ऊर्जा, ML²T⁻².

मग कंस. सगळं छेदात धरलं, म्हणजे x²/(αkT), तर अल्फाचं डायमेन्शन L² भागिले ML²T⁻², म्हणजे M⁻¹T². उलट kT वर धरलं, (x²/α)·kT, तर अल्फा येतो ML⁴T⁻². दोन्ही गणिती दृष्ट्या चालतात, नियम कुणालाच हाकलत नाही, हे नीट समजून घ्या. नियम फक्त एवढं सांगतो की असा कंस असेल तर अल्फा असा. निवड करायला पर्याय लागतात. आणि इथं पोराने नुसतं एवढं सांगितलं ना की "उत्तरात T चा मायनस चार घात होता", तरी काम होतं. कारण दुसऱ्या कंसाने गेलात आणि डावीकडं फोर्स असेल तर बीटा येतो L⁻³, वर्क असेल तर L⁻², त्यात T येतच नाही, M पण नाही. T⁻⁴ यायचं तर सगळं छेदातच असायला हवं.

आता डावी बाजू. सगळं छेदात आहे हे ठरलं, अल्फा M⁻¹T² ठरला. मग तीन शक्यता:

```
F = αβ   →  β = M²LT⁻⁴
W = αβ   →  β = M²L²T⁻⁴
W = αβ²  →  β = MLT⁻²
```

पहिली आणि तिसरी या दोन्ही खऱ्या परीक्षेत येऊन गेल्यात. पहिली, दोन अणूंमधल्या बलाची, २०१९ च्या जेईई मेनला. तिसरी, गॅस मॉलिक्यूलने केलेल्या कार्याची, २०२१ च्या जेईई मेनला. आणि त्याच २०२१ मध्ये अजून एक चुलतभाऊ येऊन गेलाय, त्यात W = α²β आणि ई च्या डोक्यावर βx²/kT, म्हणजे बीटा वर गेलेला. तिथं बीटा येतो MT⁻² आणि अल्फा येतो नुसती लांबी, L. एकाच कुटुंबातली ही सगळी पोरं, मेसेजमध्ये टाइप केल्यावर सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात.

वेगळे करायला पोराकडून एकच धागा मिळाला तरी पुरतो. "उत्तर फोर्सचं डायमेन्शन आलं सर, मला आश्चर्य वाटलं" असं कोणी म्हणालं की तो W = αβ² वाला. "M चा स्क्वेअर होता" म्हणालं तर पहिल्या दोनपैकी एक, मग L चा घात एक की दोन एवढंच विचारायचं. आणि "उत्तर खूप साधं होतं, M-T चे घात शून्य होते" म्हणालं तर तो α²β वाला, ज्यात अल्फा विचारलेला. मी पोरांना पूर्ण डायमेन्शन विचारत नाही, ते आठवत नसलं की मनाने भरतात. विचारतो की उत्तर बघून काही ओळखीचं वाटलं का, ऋण घात सगळ्यात मोठा केवढा होता. एवढं त्यांना आठवतं.

एक मात्र नीट बघा. वरच्याच प्रश्नात बीटाऐवजी अल्फाचं डायमेन्शन विचारलं असतं तर? मग पहिल्या तिन्ही रूपांत उत्तर एकच, M⁻¹T². अल्फा ई च्या डोक्यावरूनच निघतो, डावीकडं फोर्स असो की वर्क, त्याला काही पडलेली नसते. म्हणजे उत्तर सोडवायला जे वापरलंच जात नाही ते उत्तरावरून कधीच परत येत नाही. तेव्हा डावी बाजू कुणाला आठवत नसेल तर ती सोडून द्यायची, "एक भौतिक राशी" असं लिहायचं, किंवा रिकामी ठेवायची. उगाच W लिहून टाकायचं नाही. नवीन लोक इथंच चुकतात, भोक दिसलं की बुजवावंसं वाटतं.

डायमेन्शनने काय परत येत नाही ते पण सांगून ठेवतो, नाहीतर या पद्धतीवर जास्तच विश्वास बसतो. शुद्ध आकडे येत नाहीत. एक द्वितीयांश, 2π, हे सगळं डायमेन्शनलेस, ते होते की नव्हते हे या गणिताला कळतच नाही. समजा मेसेज आला "h G c मिळून लांबी, रूट होता". तर घात आपण छान काढू शकतो:

```
hG = L⁵T⁻³
hG/c³ = L²   →  रूट घेतलं की लांबी
hG/c⁵ = T²   →  रूट घेतलं की वेळ
```

म्हणजे पोराने c वर तीन टाइप केलं की पाच, चुकून काहीही टाइप केलं असलं तरी विचारलेली राशी लांबी आहे एवढ्यावरून तीन पक्का होतो. हे झकास चालतं. पण तो h होता की काट मारलेला एच-बार, हे नाही सांगता येत, त्यांच्यात फक्त 2π चा फरक. डायमेन्शन विचारलं असेल तर त्याने काही बिघडत नाही, पण त्याच प्रश्नात लांबीची किंमत काढायला सांगितली असेल तर बिघडतं. तसंच टॉर्क आणि एनर्जी, सरफेस टेन्शन आणि स्प्रिंग कॉन्स्टंट, यांची डायमेन्शन एकच. मेसेजमध्ये MT⁻² आलं म्हणून सरफेस टेन्शनचा प्रश्न होता असं धरू नका, स्प्रिंगचाही असेल. शब्द कुठला होता ते पोरालाच विचारावं लागतं.

अक्षरांचा घोळ तर वेगळाच. k म्हणजे बोल्ट्झमन, स्प्रिंग कॉन्स्टंट, थर्मल कंडक्टिव्हिटी, काहीही. T म्हणजे तापमान, पिरियड, टेन्शन. मराठीत टाइप करणाऱ्या पोरांचं तर "घनता" आणि "घनफळ" दोन्ही अर्धवट "घन" होऊन येतं, आणि मोबाइलवर घात वर चढवता येत नाही म्हणून "kg m-3" चं "kg m3" होतं, एकदा मायनस गेलं की घनता गेलीच. मी काय करतो, मेसेज आला की आधी त्यातल्या प्रत्येक अक्षरासमोर ते कायकाय असू शकतं ते कागदावर लिहितो आणि मग एकेक काटतो. ५ मिनिटं जातात पण पहिल्याच अर्थाला चिकटून बसायची खोड मोडते. माझी मास-लेंथ वाली चूक तीच होती.

न्यूमेरिकल व्हॅल्यूवाल्या प्रश्नांत पर्याय नसतात, तिथं मी हात आखडता घेतो. पोरगं म्हणतं "उत्तर ४ आलं", पण ते बरोबर होतं की नाही तेच माहीत नसतं. अशा वेळी किमान दोन पोरांचं उत्तर एक असावं आणि दोघांची पहिली ओळ पण एक असावी, तरच त्यावरून उलटं गणित करतो. आणि त्यातही एकच अज्ञात असेल तरच. घनतेच्या प्रश्नात मूळ आकडा, लांबीचं एकक आणि वस्तुमानाचं एकक यातले दोन पक्के असतील तर तिसरा निघतो. एकच पक्का असेल तर ज्या काही जोड्या निघतील त्यातली "छान दिसणारी" निवडायचा मोह होतो, त्या मोहाचं नाव ८ किलो पर मीटर क्यूब.

लिहून ठेवायची पद्धत अगदी साधी आहे. पोराचा मेसेज जसाच्या तसा वर, स्पेलिंगच्या चुकांसकट, तो कधीच दुरुस्त करायचा नाही. खाली माझा प्रश्न, आणि त्यात पोराने दिलेलं काळ्या शाईत, गणिताने निघालेलं निळ्या शाईत, मी अंदाजाने भरलेलं लाल. असं:

```
मेसेज : डेन्सिटी, नवीन युनिट, 25, 50, उत्तर 40
काळा  : घनता, 25, 50, 40 (एक पोरगा); 640, 410 (दुसरी)
निळा  : 25 cm, 50 g (पर्यायांवरून); 128 kg/m3
लाल   : प्रश्नाची भाषा
```

लाल शाई जर आकड्यावर किंवा एककावर पडली असेल तर तो प्रश्न त्या रात्री छापत नाही. भाषेवर पडली तर चालतं, "एका पदार्थाची" होतं की "एका द्रवाची" याने गणित बदलत नाही. तुम्ही शाईऐवजी शीटमध्ये रंग द्या, तेच.

आणि घाई कुणाला आहे हेही जरा बघा. एनटीए काही दिवसांत पेपर, रिस्पॉन्स शीट आणि प्रोव्हिजनल की टाकतेच, मग आपलं काम फक्त मधल्या दिवसांपुरतं, पुढच्या सेशनच्या पोरांना साचा दाखवायला आणि आलेल्या पोरांना अंदाजे मार्क कळायला. मार्कांसाठी विचारत असतील तर अजून जपून, कारण माझ्या ८ वाल्या प्रश्नावर पोरगं ४० टिकमार्क करून आलेलं असतं आणि योगायोगाने बरोबर असतं, पण तुम्ही उलटा बनवलेला एखादा प्रश्न त्याचं बरोबर उत्तर चूक ठरवतो आणि ते पोरगं रात्रभर जागं राहतं. माझ्याकडं असा फोन रात्री साडेअकराला आलाय, आईचा. म्हणून आता लाल शाई असलेल्या प्रश्नाच्या उत्तरासमोर मी पर्यायाचा नंबर देत नाही, नुसतं "पेपर आल्यावर" असं लिहितो.

अधिकृत पेपर आला की माझा बनवलेला प्रश्न मी फेकत नाही, शेजारी चिकटवतो आणि कुठल्या रंगात चूक निघाली ते बघतो. दोन-तीन वर्षांत कळतं की आपण कुठं सवयीने भरतो. माझ्या चुका बहुतेक एककांच्या क्रमात निघाल्या, आमच्या एका मॅडमच्या सगळ्या घातांच्या चिन्हात. तुमच्या कुठं निघतात ते तुमचं तुम्हालाच बघावं लागेल, आणि तोपर्यंत २५-५० सारखा मेसेज आला की दोन्ही बाजूंनी करून बघा.